बीपी मोजण्याआधीचा अर्धा तास: आरोग्य शिबिराच्या पोस्टरवर काय लिहावं?

गावात आरोग्य शिबिर ठरलं की आधी फ्लेक्स छापला जातो. वर मान्यवरांचे फोटो, मध्ये 'भव्य मोफत आरोग्य तपासणी शिबिर' आणि खाली 'जास्तीत जास्त संख्येने लाभ घ्यावा'. येणाऱ्याने काय करून यायचं आणि काय टाळायचं, याला जागाच उरत नाही. असलीच तर एक सूचना असते, 'उपाशीपोटी यावे', आणि तीही साखरेच्या तपासणीच्या जुन्या मजकुरातून उचललेली. हिमोग्लोबिन आणि बीपी या दोन तपासण्यांसाठी उपाशी राहण्याची काहीच गरज नाही. उलट, रिकाम्या पोटी रांगेत उभं राहून बोट टोचल्यावर चक्कर येऊन पडणारी माणसं मात्र हमखास निघतात.

पोस्टर ही केवळ जाहिरात नव्हे, हे एकदा लक्षात घ्यायला हवं. बीपीच्या मशिनवर दिसणारा आकडा माणसाच्या आजारावर ठरतो, तसा तो त्याच्या मागच्या अर्ध्या तासावर आणि त्या क्षणी हात कुठे ठेवला आहे यावरही ठरतो. या गोष्टी लोकांपर्यंत पोस्टर आणि भोंगाच पोचवू शकतात.

हाताचीच गोष्ट घ्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 133 प्रौढांवर केलेला एक साधा प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाचं बीपी तीन प्रकारे मोजलं: हात टेबलावर, हात मांडीवर आणि हात बाजूला लोंबता. टेबलाच्या तुलनेत मांडीवरच्या हाताने वरचा आकडा सुमारे 4 ने वाढला, लोंबत्या हाताने सुमारे 6.5 ने. माणसं तीच, मशिनही चांगलं. मग फरक कुठून आला?

उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. द्रवाच्या स्तंभाचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. बीपी आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, रक्त पाण्यापेक्षा किंचित जड. हिशेब केला तर 10 मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे जवळपास 13 सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ. दंडाला गुंडाळलेला मशिनचा पट्टा, म्हणजे कफ, हृदयाच्या पातळीपासून 13 सेंटिमीटर खाली गेला की त्या धमनीत हृदयाच्या दाबाशिवाय या स्तंभाचा दाबही पडतो, आणि मशिन बिचारं दोन्हींची बेरीज दाखवतं. कफ 5 सेंटिमीटर खाली असेल तर जवळपास 4 ची वाढ, 8 सेंटिमीटर खाली असेल तर 6 ची. प्रयोगातले आकडे याच हिशेबात बसतात.

शिबिरं बहुतेक वेळा शाळेत होतात, म्हणून हा हिशेब उलट्या दिशेनेही करून बघायला हवा. लहान मुलांच्या बुटक्या बाकावर मोठा माणूस बसवला आणि त्याचा हात मास्तरांच्या उंच टेबलावर ठेवला, तर कफ हृदयाच्या वर जातो आणि आकडा खाली येतो. खरोखर 144 असलेला माणूस 136 दाखवून, 'तुमचं बीपी नॉर्मल आहे' हे ऐकून घरी जातो. खोटा वाढलेला आकडा दुसऱ्या तपासणीत उघडा पडतो. खोटा कमी आलेला आकडा कोणी पुन्हा तपासत नाही, म्हणून मला त्याचीच जास्त भीती वाटते. उपाय साधा आहे. कफचा मधला भाग छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याशी समांतर आला पाहिजे. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी घातलेली चादर ठेवा, उंच असेल तर खुर्ची बदला.

दुसरी भानगड बोलण्याची आणि हालचालीची. हल्लीचं बॅटरीवरचं मशिन नाडीचे आवाज ऐकत नाही. कफ फुगून दंडातली धमनी पूर्ण दाबतो, मग हवा हळूहळू सुटते. रक्त पुन्हा वाहू लागलं की प्रत्येक ठोक्यासरशी धमनी फुगते आणि कफमधल्या हवेत बारीकशी लहर उठते. या लहरी वाढत जातात, एका दाबाला सर्वांत मोठ्या होतात आणि पुन्हा लहान होतात. सर्वांत मोठी लहर सरासरी दाबाच्या आसपास मिळते. वरचा आणि खालचा आकडा मशिन त्या लहरींच्या चढउतारावरून आपल्या सूत्राने काढतं. आता मूठ आवळली, हात हलवला किंवा शेजारणीशी बोलताना दंडाचे स्नायू हलले, तर त्यांच्याही लहरी कफमध्ये उठतात आणि नाडीच्या लहरींत मिसळतात. शिवाय बोलण्याने बीपी खरोखरच चढतं. लघवी तुंबलेली असली तरी चढतं. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतात. आपल्याकडे सकाळी बायका मिश्री लावतात, ती तंबाखूच आहे. तरीही पोस्टरवर 'धूम्रपान टाळा' एवढंच छापलं तर मिश्री लावणारी बाई ती सूचना स्वतःसाठी आहे असं धरत नाही. म्हणून मिश्री हा शब्द नावानिशी लिहावा लागतो.

पोस्टरचा मजकूर असा ठेवता येईल:

गुरुवारी सकाळी 7 ते 10, जिल्हा परिषद शाळा
अंगातलं रक्त आणि बीपी यांची मोफत तपासणी
बायका आणि पुरुष दोघांसाठी. काही त्रास नसला तरी या.
थोडं खाऊन, पाणी पिऊन या. उपाशी येऊ नका.
तपासणीआधी अर्धा तास चहा, मिश्री, तंबाखू, विडी नको.
बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. गोळ्यांचं पाकीट सोबत आणा.
सैल बाहीचे कपडे घाला. दंडातली वाकी काढून ठेवा.
वॉर्ड 1: 7 ते 8. वॉर्ड 2: 8 ते 9. वॉर्ड 3: 9 ते 10.
आकडे लगेच, कागदावर लिहून मिळतील.

यातल्या दोन ओळींमागचं कारण सांगायला हवं. 'त्रास नसला तरी या' ही ओळ नसेल तर थकवा किंवा डोकेदुखी असलेलेच येतात, आणि वाढलेलं बीपी तर बहुतेकांना जाणवतच नाही. 'बायका आणि पुरुष' असं लिहिलं नाही तर रक्त कमी असणं हा बायकांचाच प्रश्न समजून पुरुष पारावर बसून राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पण त्याच वयाच्या 21.9 टक्के पुरुषांमध्येही आढळला.

वॉर्डवार वेळ हवी, कारण एका माणसाचं बीपी दोनदा मोजायला, मधला एक मिनिट धरून, सुमारे 4 मिनिटं लागतात. 3 तासांत एका मशिनवर 45 माणसं होतात, तीन मशिन असतील तर 135. सगळं गाव 7 वाजता बोलावलं तर घाईत एकेकदाच मोजणं सुरू होतं आणि शांत बसण्याची 5 मिनिटं सर्वांत आधी जातात. त्यासाठी प्रत्येक टेबलाआधी दोन खुर्च्या मांडा आणि समोरच्या भिंतीवर दुसरं छोटं पोस्टर लावा: 'इथे 5 मिनिटं गप्प बसा. पाठ टेकवा. पाय जमिनीवर, घडी नको.' एकाचं मोजून होईपर्यंत पुढचे दोघे विसावतात.

भोंग्याचं गणित वेगळं आहे. रिक्षा ताशी 10 किलोमीटरने गेली तर सेकंदाला जवळपास 2.8 मीटर पुढे सरकते. दारातल्या बाईला रिक्षा 40 मीटर अलीकडे असल्यापासून 40 मीटर पलीकडे जाईपर्यंत शब्द स्पष्ट ऐकू येतात असं धरलं, तर तिच्या हाती 29 सेकंदं येतात. 'सर्व ग्रामस्थांना कळवण्यास अत्यंत आनंद होतो की' यातच त्यातली 5 संपतात. म्हणून वार आणि वेळ सुरुवातीला, आणि शेवटी पुन्हा:

'गुरुवारी सकाळी 7 ते 10, झेडपीच्या शाळेत, रक्ताची आणि बीपीची तपासणी. त्रास नसला तरी या. थोडं खाऊन, पाणी पिऊन या. तपासणीआधी अर्धा तास चहा, मिश्री, तंबाखू, विडी नको. बीपीची गोळी चुकवू नका, पाकीट सोबत आणा. गुरुवारी, 7 ते 10, शाळेत.'

गोळीची ओळ वगळू नका. 'डॉक्टरांना खरं बीपी दिसू दे' म्हणून त्या दिवशी गोळी न घेणारे बरेच असतात.

शिबिरात आधी बीपी मोजायचं, मगच बोट टोचायचं. सुईच्या धास्तीने आकडा चढतो. हिमोग्लोबिनसाठी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे केले तर रक्त सहज येतं. मधलं किंवा अनामिका बोट घ्यायचं, टोक सोडून किंचित कडेला टोचायचं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. आणि बोट पिळायचं नाही. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं की पेशींभोवतालचं पाणी त्या थेंबात मिसळतं आणि रक्त पातळ होऊन आकडा खोटाच कमी येतो.

समजा, 45 वर्षांची एक बाई घरून चहा पिऊन भरभर चालत आली, रांगेत उभी राहिली आणि हात मांडीवर ठेवून बोलता बोलता बीपी मोजलं: 146/92. घाईत बोट पिळून हिमोग्लोबिन आलं 11.4. गरोदर नसलेल्या बाईसाठी सीमा 12 आहे, म्हणजे कागदावर तिला दोन्ही आजार. तिलाच थोड्या वेळाने 5 मिनिटं गप्प बसवून, हात टेबलावर ठेवून दोनदा मोजलं: 134/84 आणि 132/82. सरासरी 133/83, 140/90 च्या आत. मोकळ्या वाहत्या थेंबातून हिमोग्लोबिन 12.2. बाई तीच, रक्तही तेच.

तिला कोणीतरी बीट आणि डाळिंब खायला सांगणारच, लाल दिसतं म्हणून. बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या वेगळ्याच रंगद्रव्याचा, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही आणि बिटात लोहही फार नसतं. त्यापेक्षा जेवणाबरोबरचा चहा बंद केला आणि ताटात लिंबू पिळलं तर अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं. आणि हातात दांडी धरली की संगणकावर तीस-चाळीस अवयवांचा अहवाल देणारं यंत्र घेऊन कोणी शिबिरात आलं, तर त्याला टेबल देऊ नका. दांडी धरून हिमोग्लोबिन कळत नाही.

हातात देण्याच्या कागदावर 'नॉर्मल' किंवा 'कमी' असा शेरा मारू नका, आकडे लिहा. हिमोग्लोबिनची सीमा पुरुषांसाठी 13, गरोदर स्त्रियांसाठी 11. बोटाच्या थेंबाचा आकडा थोडा इकडेतिकडे होतोच, म्हणून सीमेजवळच्यांचं शिरेतलं रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासायला पाठवा. बीपी 140/90 किंवा जास्त आलं तर तो आजाराचा शिक्का नव्हे. वेगळ्या दिवशी उपकेंद्रात पुन्हा मोजायची तारीख कागदावर तिथेच घाला. हिमोग्लोबिन 8 च्या खाली, गरोदरपणी 7 च्या खाली, किंवा बीपी 180/110 च्या वर असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. सोबत छातीत दुखणं, धाप किंवा एका बाजूचा अशक्तपणा असेल तर थेट 108. विदर्भात आणि नंदुरबारकडे कागदावर आणखी एक चौकट ठेवा, सिकलसेल तपासणी झाली आहे का, कारण तिथे रक्त कमी असण्याचं कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरता नसते.