वीर्य तपासणी: रिपोर्टमधला काउंट एकटा वाचू नका

मूल होत नाही म्हटलं की बहुतेक घरांत आधी बाईची फाइल उघडते. तिची सोनोग्राफी, हार्मोन्स, मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का बघायला डाय टाकून एक्सरे, कधी तर भूल देऊन दुर्बिणीची तपासणीसुद्धा, आणि हे सगळं झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणतं की याचीपण एकदा टेस्ट करूया का. खरंतर साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने असतं, आणि त्याच्या टेस्टला ना सुई लागते ना भूल, एक डबी लागते. त्यामुळे दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू व्हायला हव्यात. वर्षभर प्रयत्न करून झालं नाही तर, आणि बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच.

आता लॅब नेमकं काय बघते? वीर्य आधी घट्टसर असतं, ते साधारण अर्ध्या तासात पातळ होतं, तासाभराच्या आत व्हायला हवं. मग किती मिलि आहे ते मोजतात, एका मिलित किती शुक्राणू आहेत, त्यातले किती हलतात आणि किती सरळ पुढे जातात, किती जणांचा आकार नीट आहे, हे सगळं मायक्रोस्कोपखाली बघतात. आकाराचा आकडा बघून लोक हमखास घाबरतात. "फक्त ५ टक्के नॉर्मल" असं छापून येतं आणि रात्रीची झोप उडते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ४ टक्क्यांच्या वर असलं की ठीक, कारण आकाराचा नियमच फार कडक लावलेला आहे.

तयारी सोपी आहे पण तिथेच घोळ होतो. आधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन नको. एकच दिवस झाला असेल तर काउंट कमी दिसू शकतो, आणि फार दिवस थांबलं तर काउंट वाढतो पण हालचाल मंदावते. लुब्रिकंट, थुंकी, साधा कंडोम काही वापरायचं नाही, कारण त्यांचा शुक्राणूंवर वाईट परिणाम होऊ शकतो. घरून आणायचं असेल तर डबी अंगाशी धरून, तासाभराच्या आत लॅबमध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिले थेंब सांडू द्यायचे नाहीत, सर्वात जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात, नंतरचा बराचसा भाग नुसता द्रव. सांडलं तर लाजायचं काही नाही, डबी देताना सरळ सांगून टाकायचं.

समजा एकाचा रिपोर्ट आला: १.१ मिलि, आणि मिलिला १२ दशलक्ष. गुणाकार केला तर एकूण १३.२ दशलक्ष, आणि खालची मर्यादा एकूण ३९ ची आहे. घरात रडारड. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले, सॅम्पल सांडलं का आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत ताप आला होता का. दोन्हीचं उत्तर हो, महिन्यापूर्वी चार दिवस जोराचा ताप होता आणि सुरुवातीचं थोडं डबीबाहेर गेलं होतं. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर येईपर्यंतचा प्रवास, म्हणजे आजचं सॅम्पल गेल्या तीनेक महिन्यांची गोष्ट सांगत असतं. म्हणून तीन महिन्यांनी परत केली: २.८ मिलि, मिलिला २४, एकूण ६७.२ दशलक्ष. औषध एक नाही. दरवेळी असंच होईल असं नाही हां, पण एका खराब रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो, तो यासाठी.

ही मर्यादा पास-नापासची रेषाही नाही. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांत सर्वात खालचे ५ टक्के जिथे येतात तो हा आकडा, म्हणजे त्याखाली असूनही बाप झालेले आहेत आणि वर असूनही अडलेले आहेत.

शुक्राणू एकही नाही असं आलं तर मात्र प्रकरण वेगळं. आधी सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी एखादा तरी सापडतो का ते बघतात, टेस्ट परत करतात. वीर्य कमी आणि आम्लधर्मी असेल तर वाट कुठेतरी बंद असल्याचा किंवा शुक्रवाहिनी जन्मतःच नसल्याचा संशय येतो. प्रमाण खूप कमी असेल तर वीर्य उलटं मूत्राशयात जातंय का म्हणून नंतरची लघवीपण तपासतात. आणि जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण बाहेरून हार्मोन मिळायला लागला की मेंदूकडून वृषणाला जाणारा सिग्नल बंद पडतो आणि काउंट शून्यावरही येऊ शकतो. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण त्याला महिने लागतात, आणि तेवढ्यात बायकोचं वय काही थांबत नाही.