परीक्षकाचं सलग मत आणि क्रमवार मुद्दे

"लेखकांनी चिकाटीनं काम केलं आहे आणि विषयही महत्त्वाचा आहे. मात्र एकदा मोजलेला रक्तदाब जास्त निघाला म्हणून ज्यांना निवडलं, त्यांचा रक्तदाब दुसऱ्या वेळी तसाही थोडा कमी भरणार नाही का, असा प्रश्न मला पडला. ५२ पैकी १२ जण मध्येच का गळाले, ते कुठे सापडलं नाही. मजकुरात ४० जण आहेत, तक्ता २ मध्ये ३८. न चालणाऱ्यांचा तुलना गट असेल तर त्याची आकडेवारी द्यावी. नसेल तर 'चालण्यामुळे रक्तदाब उतरतो' असं म्हणता येणार नाही. झोपेचीही नोंद घेतली असती तर मला आवडलं असतं. चर्चेचा भाग लांबला आहे."

हा परिच्छेद मी या लेखासाठी रचला आहे, पण अशा मजकुराशी माझी नेहमी गाठ पडते. शोधनिबंध छापण्याआधी नियतकालिकाचा संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांना वाचायला देतो. या परीक्षकांची मतं बहुधा सलग गद्यात येतात, कधी तीन-चार पानं भरून. कौतुक, शंका, चूक आणि स्वतःची आवड हे सगळं त्यात एकमेकांत मिसळलेलं असतं. लेखकांना मात्र कळायला हवं असतं ते इतकंच, की नेमकं काय बदललं म्हणजे निबंध पुढे जाईल. म्हणून संपादक त्या मतांमधून दुरुस्त्यांची क्रमवार यादी काढतो आणि मूळ मतांसोबत ती लेखकांना पाठवतो.

वरच्या परिच्छेदातल्या प्रयोगात समजा ५२ जणांना १२ आठवडे रोज चालायला लावलं, आणि शेवटी त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ६ अंकांनी उतरलेला दिसला. घाईत यादी करणारा माणूस स्पष्ट आज्ञा शोधतो. "द्यावी" दिसलं की मुद्दा झाला, "लांबला आहे" दिसलं की दुसरा. प्रश्नार्थक वाक्यावरून तो पुढे सरकतो. पण या परिच्छेदातलं सगळ्यात जड वाक्य तेच आहे.

रक्तदाब रोज थोडा वरखाली होतो. एखाद्याचा नेहमीचा आकडा १३८ असेल, पण तपासणीच्या दिवशी तो १४६ निघाला आणि तेवढ्यावर त्याची निवड झाली. १२ आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर तो खुर्चीत बसून राहिला असला तरी आकडा १३८ च्या आसपास येण्याचीच शक्यता जास्त. अशी माणसं निवडून गट केला की गटाची सरासरी आपोआप खाली येते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. म्हणजे त्या ६ अंकांतले किती चालण्याचे आणि किती निवडीचे, हे या प्रयोगातून सांगताच येत नाही. परीक्षकानं नम्रपणे "प्रश्न पडला" म्हटलं आहे, पण त्या प्रश्नाखाली निबंधाचा पायाच हलतो आहे. "मला समजलं नाही", "लेखकांनी विचार केला असेलच" अशा वाक्यांपाशी मी म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ थांबतो.

आता तुलना गटाचं वाक्य बघा. ते दूर, दोन वाक्यांनंतर आलं आहे, पण दुखणं तेच. न चालणारा गट तशाच पद्धतीनं निवडला असेल तर त्याचाही आकडा आपोआप उतरेल, आणि दोन गटांतला फरक तेवढा चालण्याचा म्हणता येईल. एकच उपाय दोन्ही शंका मिटवतो, म्हणून यादीत दोघांचा मिळून एक क्रमांक. उलट १२ जणांची गळती आणि ४०-३८ ची तफावत शेजारी-शेजारी आहेत, दोन्हींत माणसांचा हिशोब आहे, तरी त्यांना वेगळे क्रमांक हवेत. तफावत ही कदाचित लिहिण्यातली चूक असेल. गळती मात्र निकालच फिरवू शकते, कारण ज्यांना गुण आला नाही तेच सोडून गेले असतील तर उरलेल्यांची सरासरी फसवी ठरते.

त्या वाक्यातला "असेल तर, नसेल तर" टिकवणं मला फार मोलाचं वाटतं. "तुलना गटाची आकडेवारी द्या" एवढंच उतरवलं, तर ज्यांच्याकडे असा गट नाही ते लेखक निबंध मागे घेतील किंवा पुन्हा वर्षभराच्या प्रयोगाला लागतील. परीक्षकानं तसं मागितलंच नव्हतं. दावा सौम्य करण्याची वाट त्यानं मोकळी ठेवली होती, आणि आखूड करण्याच्या नादात ती यादीनं बंद केली. अशा याद्या मी पाहिल्या आहेत.

माझी यादी अशी झाली:

आवश्यक

१. तुलना गट असल्यास त्याची आकडेवारी आणि दोन गटांतला फरक द्यावा. नसल्यास "चालण्यामुळे" हा दावा शीर्षक, सारांश आणि निष्कर्ष यांतून काढावा, आणि निवडीच्या पद्धतीमुळेही रक्तदाब कमी भरला असू शकतो हे मर्यादांमध्ये लिहावं.

२. मध्येच गळालेल्या १२ जणांची कारणं द्यावीत. (संपादकाची भर: त्यांचा सुरुवातीचा रक्तदाबही द्यावा.)

३. मजकुरातले ४० आणि तक्ता २ मधले ३८ यांचा मेळ घालावा आणि त्यावर अवलंबून असलेल्या सरासऱ्या पुन्हा तपासाव्यात.

ऐच्छिक

४. झोपेची नोंद झाली असल्यास तिचा उल्लेख करावा.

५. चर्चेचा भाग आटोपशीर करावा.

दुसऱ्या मुद्द्यातली भर माझी आहे, म्हणून तिच्यावर तसा शिक्का आहे. परीक्षकाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. झोप ऐच्छिक आहे, कारण संपलेल्या प्रयोगात ती मागे जाऊन मोजता येत नाही आणि तिच्यावाचून निष्कर्ष अडत नाही. परीक्षकानं फक्त संपादकासाठी म्हणून वेगळं काही कळवलं असेल, तर त्यातलं अक्षरही इथे येत नाही. दोन परीक्षकांनी परस्परविरोधी मागण्या केल्या असतील, तर कोणती पाळायची हे संपादकानं ठरवून लिहायचं; तो पेच लेखकांवर सोडणं अन्यायाचं आहे.

लांबी आणि वजन यांचा संबंध किती कमी असतो, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी नसतातच, असा त्याचा रोख होता. परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन यांनी दहा पानी मत दिलं. त्यातलं मर्म एवढंच, की गणितात जी अडचण दिसते ती निसर्गातली नाही, जागा मोजण्यासाठी निवडलेल्या निर्देशक-पद्धतीमुळे आली आहे. छापण्याआधी निबंध परक्याला दाखवला म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनी तो परत घेतला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा निष्कर्ष उलटा झालेला होता. त्या दहा पानांची यादी केली असती, तर पहिल्या क्रमांकाखाली एक ओळ पुरली असती.

यादी झाली की मी मूळ मत छापून घेतो आणि पेन्सिलीनं एकेक वाक्य खोडत जातो. प्रत्येक वाक्यासमोर मुद्द्याचा क्रमांक तरी हवा, नाहीतर "काम नाही" असा शेरा. वरच्या परिच्छेदात तो शेरा फक्त पहिल्या, कौतुकाच्या वाक्याला मिळाला. मग उलट दिशेनं, यादीतला प्रत्येक शब्द मूळ मतात कुठून आला ते बघतो. "द्यावं" चं "द्यायलाच हवं" झालेलं बहुतेक वेळा इथेच सापडतं.

खरी तपासणी लेखकांचं उत्तर आल्यावर होते. प्रत्येक क्रमांकासमोर "केलं, पान अमुक, ओळ अमुक" किंवा "केलं नाही, कारण हे" असं लिहिता यायला हवं. पाचव्या मुद्द्यावर हमखास उत्तर येतं, "सूचनेनुसार चर्चा आटोपशीर केली", आणि उघडून बघावं तर दोन वाक्यं गेलेली असतात. त्यात लेखकांचा दोष नाही. कोणते परिच्छेद गाळायचे ते परीक्षकानं सांगितलं नव्हतं, आणि यादी करताना मीही विचारलं नव्हतं.