दरवर्षीचा पॅप स्मिअर पाच वर्षांवर कसा गेला

काहीच त्रास नसलेल्या बाईला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, पूर्वी दरवर्षी सांगितली जायची. आता एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूची चाचणी निगेटिव्ह आली की बहुतेक ठिकाणी पाच वर्षांनी यायला सांगतात. हा हलगर्जीपणा वाटू शकतो, पण दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी शोधतात, आणि अंतर वाढण्याचं कारण त्यातच आहे.

गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखता येतो, हे जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी 1928 मध्ये मांडलं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1941 मध्ये हर्बर्ट ट्राऊट यांच्यासोबत त्यांनी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला आणि मग ही पद्धत रुजली. 1947 मध्ये अर्नेस्ट एअर यांनी लाकडी चपटी पट्टी आणली. ती गर्भाशयमुखावर टेकवून पूर्ण गोल फिरवली की आतल्या आणि बाहेरच्या आवरणाच्या सीमेवरच्या पेशी खरवडून येतात. बिघाड बहुधा याच सीमेवर सुरू होतो. तिथल्या पेशी आल्याच नाहीत, तर रिपोर्ट नॉर्मल असूनही तो पूर्ण चित्र सांगत नाही.

खरवडलेल्या पेशी काचेवर पसरतात. ही काच लगेच अल्कोहोलमध्ये बुडवली नाही तर पेशी सुकून फुगतात आणि त्यांची केंद्रकं वाचता येत नाहीत. रक्त किंवा चिकट स्राव जास्त असेल तरी तेच होतं. म्हणून पाळीच्या दिवसांत नमुना घेणं टाळतात. नमुना नीट असला, तरी हजारो पेशींमधल्या मोजक्या बिघडलेल्या पेशी माणसाच्या डोळ्याला सापडाव्या लागतात. एकटा स्मिअर म्हणूनच बऱ्याचदा चुकतो. तरी ही पद्धत यशस्वी ठरली, कारण रोग संथ आहे: विषाणूच्या लागणीपासून कर्करोगापर्यंत साधारण 15 ते 20 वर्षं जातात. एका फेरीत निसटलेला बिघाड पुढच्या फेरीत सापडायला वेळ मिळतो.

मग दरवर्षी तपासायचं कशाला? 1986 मध्ये अनेक देशांतल्या तपासणी मोहिमांची आकडेवारी एकत्र करून हे पाहिलं गेलं. दरवर्षीच्या स्मिअरने पसरणाऱ्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे 93 टक्क्यांनी घटत होतं, तीन वर्षांनी केलेल्या स्मिअरने सुमारे 91 टक्क्यांनी. पाच वर्षांचं अंतर ठेवल्यावर मात्र आकडा 84 वर आला, दहा वर्षांवर 64 वर. स्मिअरसाठी तीन वर्षं हे अंतर रूढ होण्यामागे हा हिशोब आहे.

दरम्यान हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने 1983 मध्ये एचपीव्ही 16 आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही 18 वेगळे करून दाखवले. सुमारे 70 टक्के गर्भाशयमुख कर्करोगांमागे हे दोनच प्रकार असतात. यातून प्रश्नच बदलला. स्मिअर विचारतो, ‘पेशी बिघडल्यात का?’ एचपीव्ही चाचणी विचारते, ‘पेशी बिघडवू शकणारा विषाणू आहे का?’ विषाणू नसेल तर पुढची काही वर्षं धोका फारच कमी, म्हणून पाच वर्षं थांबता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीत 30 वर्षांपासून दर 5 ते 10 वर्षांनी ही चाचणी आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी 25 पासून, दर 3 ते 5 वर्षांनी.

तिशीआधी हा विषाणू फार जणींत सापडतो आणि बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. त्या वयात चाचणी केली तर नाहक धास्ती आणि नाहक उपचार वाढतात, म्हणून अनेक देशांत तरुण वयात फक्त स्मिअर ठेवतात.

समजा, 36 वर्षांच्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण विषाणू 16 किंवा 18 नाही. याचा अर्थ कर्करोग नव्हे. नमुना डॉक्टर किंवा नर्सने गर्भाशयमुखावरून द्रव-कुपीत घेतला असेल, तर त्याच कुपीतून स्मिअर तपासता येतो. तिने स्वतः योनीतून घेतलेल्या नमुन्यावर विषाणू कळतो, पण पेशी वाचता येत नाहीत, त्यामुळे तिला पुन्हा यावं लागतं. स्मिअर नॉर्मल असेल तर साधारण 12 महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात. विषाणू तेव्हाही टिकून असेल, तर भिंगातून गर्भाशयमुख पाहतात, म्हणजे कॉल्पोस्कोपी, आणि संशयित जागेचा तुकडा काढतात. 16 किंवा 18 असेल, तर अनेक ठिकाणी स्मिअर नॉर्मल असूनही थेट कॉल्पोस्कोपी सांगतात.

ही सगळी अंतरं लक्षणं नसलेल्या बाईसाठी आहेत. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मागचा रिपोर्ट कितीही ताजा आणि निगेटिव्ह असला तरी पुढच्या फेरीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागतं.