सबस्क्रिप्शनचे नूतनीकरण आणि ग्राहक संरक्षण

ठरावीक काळाने आपोआप पैसे कापून चालू राहणाऱ्या सेवेबाबत (व्हिडिओ, अभ्यासाचे अ‍ॅप, क्लाउड साठवण, जिम, वृत्तपत्राची डिजिटल आवृत्ती) कंपनीकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात. पैसे कापण्याआधी सांगावे, ग्राहकाचा होकार स्पष्टपणे घ्यावा आणि त्याला सहज बाहेर पडू द्यावे. भारतात ही तीन कर्तव्ये एकाच कायद्यात सापडत नाहीत. पूर्वसूचनेचा ठोस नियम रिझर्व्ह बँकेच्या पेमेंटविषयक आदेशांत आहे, तर होकार आणि सुटका यांचे नियम ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील तरतुदींत आहेत. तक्रार चुकीच्या दारात जाते ती बहुधा ही विभागणी ठाऊक नसल्यामुळे.

एक नमुना प्रकरण. नागपुरात लक्ष्मीनगरला राहणाऱ्या एका कुटुंबाने मुलीच्या नीटच्या तयारीसाठी एक अ‍ॅप घेतले, असे समजू. जाहिरातीत 'सात दिवस मोफत' असे होते. सुरू करताना १ रुपया भरायला सांगितला आणि वडिलांनी यूपीआय पिन टाकला. त्या पडद्यावर १ रुपयाच्या खाली बारीक अक्षरांत '५,००० रुपयांपर्यंत, दरवर्षी' असेही लिहिलेले होते. म्हणजे पिन १ रुपयासाठी टाकल्यासारखा वाटला, पण प्रत्यक्षात पुढच्या वसुलीचा मँडेट, म्हणजे खात्यातून परस्पर पैसे घेण्याची परवानगी, नोंदला गेला. चौथ्या दिवशी मुलीला अ‍ॅप पटले नाही, म्हणून ते फोनमधून काढून टाकले. आठव्या दिवशी २,९९९ रुपये गेले. "अ‍ॅप तर डिलीट केलं ना, मग पैसे काऊन कटले?" हा घरातला प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की अ‍ॅप काढल्याने ना मँडेट रद्द होतो, ना कंपनीशी झालेला करार.

पूर्वसूचना. कार्ड आणि वॉलेटवरील आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये ई-मँडेटची चौकट आणली. जानेवारी २०२० मध्ये ती यूपीआयला लागू झाली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिची सक्तीने अंमलबजावणी सुरू झाली. या चौकटीनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला संदेश जायला हवा. त्यात व्यापाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख आणि कापण्याचे कारण असावे लागते, आणि ती एक वसुली किंवा अख्खा मँडेट नाकारण्याची सोय द्यावी लागते. संदेश एसएमएसने हवा की ईमेलने, हे नोंदणीच्या वेळी ग्राहकाने निवडायचे असते. ही सूचना पाठवण्याची जबाबदारी बँकेच्या बाजूला येते, म्हणून कंपनीच्या नावाने संदेश शोधणाऱ्याला ती सापडत नाही. ती बँकेच्या नेहमीच्या संदेशांच्या गर्दीत असते.

मँडेट नोंदवताना ओटीपी किंवा पिन लागतोच. त्यानंतर साधारण सेवांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची प्रत्येक वसुली त्याशिवाय होऊ शकते. त्याहून मोठ्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांना ही मर्यादा १ लाख रुपये आहे. बहुतेक वार्षिक सबस्क्रिप्शन १५,००० च्या आतली असल्याने सगळी भिस्त त्या २४ तासांच्या संदेशावर राहते. वर्षभराच्या रकमेसाठी एक दिवस फार तोकडा आहे. आदल्या दिवशी दुपारी आलेला एसएमएस लग्नाच्या गडबडीत किंवा दवाखान्याच्या रांगेत वाचला जात नाही, आणि नियम मात्र पाळला गेलेला असतो.

होकार. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की खरेदीसाठी ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट आणि स्वतःहून केलेल्या कृतीतूनच नोंदली जावी. आधीच टिक करून ठेवलेली चौकट ही संमती धरता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत फसव्या रचनेचे तेरा प्रकार दिले आहेत आणि 'सबस्क्रिप्शनचा सापळा' हा त्यांतला एक आहे. रद्द करण्याची वाट अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे आणि त्याच्या सूचना संदिग्ध ठेवणे हे त्यात येते. मोफत वापरासाठी पेमेंटचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी देण्यास भाग पाडणे हेही त्यातच मोडते. लक्ष्मीनगरच्या प्रकरणात ग्राहकाची सगळ्यात भक्कम बाजू हीच आहे. पूर्वसूचना आली होती असे निघाले तरी मोफत चाचणीसाठी मँडेट मागितला, हा मुद्दा उरतोच.

सुटका. बाहेर पडताना दोन गाठी सोडाव्या लागतात. पहिली पेमेंटची. यूपीआय अ‍ॅपमधील 'ऑटोपे' भागात चालू मँडेट दिसतात, आणि तिथे पिन टाकून मँडेट केव्हाही रद्द करता येतो. कार्डावरचा मँडेट बँकेच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर रद्द होतो. दुसरी गाठ कराराची, म्हणजे कंपनीच्या खात्यात जाऊन सदस्यत्व बंद करणे. तिथे बटण न देता 'कस्टमर केअरला फोन करा' असे सांगितले जात असेल, तर त्या पडद्याचा तारखेसह स्क्रीनशॉट हाच पुरावा होतो. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार संपवण्याचे बटण संकेतस्थळावर ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे बटणाचे नाव आणि जागा इतक्या नेमकेपणाने ठरलेली नाही, आणि ती ठरायला हवी.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखली पाहिजे. कोचिंग किंवा जिमची फी पुष्कळदा कर्ज काढून, मासिक हप्त्यांवर भरलेली असते. तो हप्ता सबस्क्रिप्शन नसतो. त्याची वसुली थांबवली तरी कर्जदात्याचे देणे उभेच राहते. खात्यात पैसे न ठेवणे हा तर सर्वांत वाईट मार्ग, कारण बँकेचा दंड लागतोच आणि शिल्लक नसल्याने परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक वसुलीवर २००७ च्या पेमेंट प्रणाली कायद्याखाली फौजदारी कारवाईही होऊ शकते. कागदावर 'हप्ता', 'कर्ज' किंवा एखाद्या वित्तसंस्थेचे नाव दिसले, तर आधी कर्जकरार मागून वाचावा.

दाद. वरील प्रकरणात वडिलांनी आधी मँडेट रद्द करावा आणि मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवाडा द्यायचा असतो. पत्रात नोंदणीची तारीख, कापलेली रक्कम, व्यवहार क्रमांक आणि 'मोफत चाचणीसाठी ऑटो-डेबिटची परवानगी घेतली' हे वाक्य असावे. २४ तास आधीचा संदेश खरोखरच आला नसेल, तर ती तक्रार बँकेकडे करायची. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. कंपनीविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते, पण ती तडजोडीची पायरी आहे, आदेश देणारी नाही.

आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असले तरी हे प्रकरण नागपूरच्या आयोगात चालते. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत शुल्क लागत नाही, आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची असते.