फळ्यावर चढलेला भाव की वाळलेलं सोयाबीन?

कुहीजवळच्या माझ्या भाच्यानं दोन फोटो पाठवले. दोन्ही नागपूरच्या कळमना मार्केट यार्डातल्या भावफलकाचे, मधे पंधरा दिवसांचं अंतर. खाली एकच ओळ: "मामाजी, सोयाबीन तीनशेनं चढलं. थांबू का इकून टाकू?"

पहिल्या फोटोत सोयाबीनच्या ओळीत किमान 3,600, कमाल 4,400 आणि सर्वसाधारण 4,000. दुसऱ्यात किमान 4,000, कमाल 4,450 आणि सर्वसाधारण 4,300. (हिशोब सोपा राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत.) भाव क्विंटलचा. भाच्याची नजर शेवटच्या रकान्यावर होती, आणि तिथे चढ दिसतो यात शंका नाही. त्याच्याकडे वीस क्विंटल माल पडून होता, म्हणजे सरळ हिशोबानं सहा हजारांचा फायदा.

पण पंधरा दिवसांत फक्त भाव बदलला नव्हता, मालही बदलला होता. ऑक्टोबरात परतीचा पाऊस खाल्लेलं, काढणी होताच पोत्यात भरलेलं सोयाबीन यार्डात येतं. त्यात अठरा टक्के ओलावा सहज असतो. पुढे ऊन पडतं, माल अंगणात वाळतो आणि बारा टक्क्यांवर आलेले ढीग लागू लागतात. व्यापारी दाण्यातल्या पाण्याचे पैसे देत नाही, म्हणून ओल्या मालाला भाव कमी लावतो. माल वाळला की भाव वाढतो, पण वजनही घटतं. फळ्यावर भाव दिसतो, घटलेलं वजन दिसत नाही.

ही घट काढणं अवघड नाही. अठरा टक्के ओलाव्याच्या शंभर किलो सोयाबीनमध्ये कोरडा भाग 82 किलो. बारा टक्के ओलाव्याच्या मालात कोरडा भाग शेकडा 88 असतो. म्हणून 82 ला 88 नं भागायचं: शंभर किलोचे वाळून उरतात सुमारे 93 किलो.

आता भाच्याचे वीस क्विंटल अठरा टक्के ओलाव्याचे होते असं धरा. पहिल्या फोटोच्या दिवशी ओलाच विकला असता तर चार हजारांनी 80,000 रुपये झाले असते. बारा टक्क्यांपर्यंत वाळवून त्याचे 18.64 क्विंटल राहतात. ते 4,300 नं विकले तर सुमारे 80,100. म्हणजे तीनशेच्या चढातून वीस क्विंटलवर शंभरेक रुपये सुटले, आणि त्यातून पसरण्या-भरण्याची मजुरी अजून जायची आहे. बाजार चढलाच नव्हता, यार्डातला माल वाळला होता.

मग खरी तेजी ओळखायची कशी? कमाल भावाच्या रकान्यावरून. कमाल भाव बहुधा कोरड्या, स्वच्छ ढिगाला मिळतो. तो माल पंधरा दिवसांपूर्वीही कोरडाच होता, त्यामुळे त्याचा भाव वाढला तर मागणीच वाढली असण्याची शक्यता जास्त. या फोटोंत किमान भाव चारशेनं वर आला, कमाल फक्त पन्नासनं. खालची बाजू वर सरकून दोन्हींतलं अंतर मिटतंय, ही वाळण्याची खूण आहे. किमान आणि कमाल दोन्ही सारखे चढले असते, तर मी त्याला वेगळं सांगितलं असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. कमाल भाव एखाद्याच देखण्या ढिगाचा असू शकतो. आवक अगदी थोडी असेल त्या दिवशी हा धोका जास्त. म्हणून एका दिवसाचा कमाल धरू नये, आठवड्यातल्या चार-पाच दिवसांचे फोटो शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येकात तारीख व आवक दिसते ना ते पाहावं. सर्वसाधारण भावाचीही एक परीक्षा करता येते. तो रोज किमान-कमालच्या मधोमध किंवा दोघांतल्या अंतराच्या बरोबर पाऊण भागावर पडत असेल, तर तो सौदे मोजून आलेला नाही, दोन आकड्यांवरून काढलेला आहे. अशा वेळी त्याच्यात स्वतंत्र बातमी नसते.

हमीभावाशी तुलनाही कोरड्या मालावरच करायची. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5,328 आहे आणि दर्जाच्या निकषात ओलाव्याची मर्यादा बारा टक्के आहे. ओल्या मालाचा फळ्यावरचा भाव त्याच्याशेजारी ठेवला तर फरक आहे त्याहून मोठा दिसतो.

भाच्याला मी उलट विचारलं, "तुझा माल किती टक्क्यांचा?" त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो किलोभर नमुना बंद पिशवीत घालून अडत्याकडे गेला आणि मॉइश्चर मीटरवर लावला. चौदा टक्के निघाले. म्हणजे अजून दोन दिवस ऊन द्यायचं, कारण असा माल थप्पी लावून ठेवला तर आतून तापतो आणि बुरशी धरतो. थांबायचं की नाही, हे तो आता पुढच्या आठवड्यातल्या कमालच्या रकान्यावर ठरवणार आहे. तो 4,600 च्या पुढे सलग तीन-चार दिवस टिकला तर थांबण्याला अर्थ आहे. तिथेच घुटमळला तर निम्मा माल काढायचा, असं त्याचं ठरलं आहे, कारण गव्हाच्या बियाण्याचे पैसे त्यातूनच द्यायचे आहेत.