‘येळवस’ की ‘वेळा अमावस्या’: आज्जी-नातीच्या कथेची पार्श्वभूमी

मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवशी नात शाळेचा निबंध लिहायला बसते. मथळा ‘वेळा अमावस्या’, म्हणजे लातूर-धाराशिवकडे त्या तिथीला शेतात साजरा होणारा सण. आज्जी म्हणते, “येळवस म्हण की.” त्यावर नात, “आज्जी, येळ नसतं गं, वेळ असतं.” कथेतलं भांडण एवढ्यावरच उभं आहे.

मराठवाड्याच्या बोलीचा विषय निघाला की लोक आधी निजामाचे उर्दू शब्द मोजायला लागतात. या कथेला ते फारसं लागू नाही. आज्जीचं माहेर निलंगा तालुक्यातलं. निलंगा, उदगीर, अहमदपूर हा पट्टा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. राज्यांची फेरआखणी झाली, बीदर पलीकडे गेला, हे तालुके इकडे आले. सोयरिकी मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना तशाच राहिल्या. त्यामुळे आज्जीच्या तोंडात कानडी मुरलेलं आहे, आणि ते कानडी आहे हे तिला ठाऊकही नाही.

येळवस हा त्यातलाच शब्द. उत्तर कर्नाटकात याच तिथीला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. कानडीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ए’ बोलताना ‘ये’सारखा ऐकू येतो, तिथून ‘येळ्ळ अमावस’ आणि मग घासून घासून ‘येळवस’. दुसरी व्युत्पत्ती ‘एळु’ म्हणजे सात अशी देतात. चैत्रापासून मोजलं तर मार्गशीर्षाची अमावास्या नववी येते, म्हणून हे लगेच पटत नाही. पण पेरणीच्या ज्येष्ठापासून मोजलं तर ती बरोबर सातवी भरते. मला तिळाची बाजू भक्कम वाटते, कारण सीमेपलीकडचं नावच तिळाचं आहे आणि त्या दिवशीच्या ताटात तिळाची भाकरी असतेच. दोन्हींपैकी काहीही धरा, ‘वेळ’ या शब्दाशी सणाचा संबंध नाही.

मग ‘वेळ’ आली कुठून? बोलीत ‘वेळ झाला’चं ‘येळ झाला’ होतं, वेशीची ‘येस’ होते. शाळेत गुरुजी हे लाल शाईनं दुरुस्त करतात, आणि तिथवर ठीकच आहे. पण एकदा ‘ये’चं ‘वे’ करायची सवय लागली की जिथं मुळात ‘वे’ नव्हताच तिथंही ती लागू होते. लातूर-धाराशिवकडे वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत आणि सुट्टीच्या पत्रकांत ‘वेळा अमावस्या’ असं छापलं जातं ते असंच. शुद्ध करायला गेले आणि नवीनच शब्द घडवून बसले. नात जे ठामपणे सांगते ती खरं तर आज्जीच्या शब्दाची चुकलेली दुरुस्ती आहे. कथाकारानं हे कुठं उघड सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शेतातल्या कडब्याच्या कोपीत दोघी आंबील पितात, भज्जी-उंडे खातात, आणि वाद तसाच राहतो.

इथं एक खोड काढायला हवी. कथेत सगळा दोष शाळेवर टाकल्यासारखा झाला आहे. आज्जीचे निम्मे शब्द शाळेनं नाही, घरानं नेले. तिचं सासर औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत त्या घराला माळवद होतं: दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं, आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं हेच वजन भूकंपात माणसांवर आलं. नंतर गावं नव्या जागी बसली, घरं सिमेंटची झाली, आणि माळवद परत बांधायची कुणाची छाती झाली नाही.

त्याबरोबर छतातलं सवणं गेलं, ज्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर बाहेर जायचा. भिंतीतलं धान्याचं बळद गेलं. दारातली ढेळज गेली, जिथं पाव्हणे टेकायचे. नात ‘स्लॅब’, ‘हॉल’, ‘खिडकी’ म्हणते त्यात तिची चूक नाही. सवण्याला बोट दाखवायला घरात सवणंच नाही. आज्जी बळद समजावून सांगताना शेवटी पत्र्याच्या कोठीकडे हात करते आणि “तसं नव्हं” म्हणून थांबते.

उलट बाजूनंही शब्द आलेत. कपाटात ठेवलेल्या दाखल्यावरचा ‘भूकंपग्रस्त’ हा लांबलचक संस्कृत शब्द आज्जी न अडखळता म्हणते. सगळ्या कथेत दोघी सारखाच उच्चारतात असा तो एकच आहे.