नकारात्मक निष्कर्षाचा अहवाल

नकारात्मक निष्कर्षाचा अहवाल म्हणजे अपेक्षित परिणाम न दिसलेल्या प्रयोगाच्या नोंदी आटवून तयार केलेला छोटा लेखी दस्तऐवज. प्रयोगवहीतल्या साठ-सत्तर पानांतून तीन-चार पाने उरतात. काय शोधत होतो, काय केले, काय दिसले, अपेक्षेप्रमाणे का दिसले नाही आणि हाच प्रयोग पुन्हा करणाऱ्याने कोणती चूक टाळावी, एवढे त्यांतून कळावे लागते. असे निष्कर्ष टेबलाच्या खणातच पडून राहतात आणि छापलेल्या संशोधनात फक्त यशस्वी प्रयोग दिसतात, या दोषाकडे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी 1979 मध्ये लक्ष वेधले होते. या नोंदीत मात्र खणातून बाहेर काढलेल्या प्रयोगवहीचे पुढे काय करायचे, याचा विचार केला आहे.

‘निगेटिव्ह आले’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिलीत कल्पनाच खोटी ठरलेली असते आणि प्रयोगाने ते नीट दाखवलेले असते. दुसरीत प्रयोगच बिघडलेला असतो, त्यामुळे कल्पना खरी की खोटी हे अजून कोणालाच ठाऊक नसते. अहवाल लिहिणाऱ्याचे पहिले काम म्हणजे आपली गोष्ट यांपैकी कोणती हे ठरवणे. मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या 1887 च्या प्रयोगाचा दाखला अजूनही दिला जातो तो यासाठीच. प्रकाश वाहून नेणारे, सर्वत्र पसरलेले माध्यम म्हणून तेव्हा मानल्या जाणाऱ्या ईथरमधून पृथ्वी सरकत असेल तर प्रकाशाच्या पट्ट्या सुमारे 0.4 पट्ट्याने सरकाव्यात असा त्यांचा हिशेब होता, आणि प्रत्यक्ष सरकणे त्या अपेक्षेच्या विसाव्या भागाहूनही कमी आहे असे त्यांनी लिहिले. ‘काही दिसले नाही’ एवढ्यावर न थांबता, असलेच तर जास्तीत जास्त किती असू शकेल, याची वरची मर्यादा त्यांनी आकड्यात दिली.

हे काम प्रत्यक्ष कसे होते, ते पाहण्यासाठी मुंबईच्या महाविद्यालयांत नेहमी निवडला जाणारा एक प्रयोग नमुन्यादाखल घेऊ. प्रसंग आणि आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यात होणारी चूक खरी आणि वारंवार घडणारी आहे. ससून डॉकवर कोळंबी सोलली जाते आणि तिच्या टरफलांचे ढीग पडतात. टरफलांतला चुना आम्लाने आणि प्रथिने अल्कलीने काढली की कायटिन उरते. तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते तापवले की कायटोसॅन मिळते. हे कायटोसॅन पाण्यातले काही रंग आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते, याला अधिशोषण म्हणतात. गिरण्यांच्या शहरात रंगाच्या सांडपाण्याचा प्रश्न जुना असल्यामुळे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय आपसूकच सुचतो. विद्यार्थिनीने मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतला. लिटरला 5 मिलिग्रॅम अशा तीव्रतेच्या 50 मिलिलिटर द्रावणात 0.1 ग्रॅम कायटोसॅन टाकून दोन तास हलवले, फिल्टर पेपरने गाळले आणि 664 नॅनोमीटरवर शोषकता, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते, मोजली. शोषकता 1.02 वरून 0.43 वर आली, म्हणजे रंग 58 टक्के कमी झाला. जानेवारीपर्यंत प्रयोग असेच चालू होते आणि सर्वांना समाधान होते.

फेब्रुवारीत तिने, कोणीतरी विचारले म्हणून, कायटोसॅन न घालता तेच द्रावण त्याच कागदातून गाळले. शोषकता 0.47 आली. म्हणजे कायटोसॅन नसतानाही 54 टक्के रंग नाहीसा होत होता. रंग कुठे जात होता याचे उत्तर टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात होते. वापरलेले फिल्टर पेपर गडद निळे झाले होते, आणि त्यांवर उरलेले कायटोसॅनचे कण मात्र फिकट पिवळसर, जवळजवळ कोरे होते. मिथिलीन ब्लू धनप्रभारी रंग आहे आणि फिल्टर पेपर हा सेल्युलोजचा असल्याने तो हा रंग चांगलाच पकडतो. सुरुवातीचे काही मिलिलिटर गाळताना कागद सर्वाधिक रंग खातो. त्यामुळे ज्या दिवशी थोडेच द्रावण गाळले त्या दिवशी आकडा चांगला यायचा आणि जास्त गाळले की घसरायचा. प्रयोगवहीत अशा चांगल्या दिवसांपुढे ‘हलवण्याचा वेग वाढवल्याचा परिणाम’ असे लिहिलेले होते.

अहवालासाठी नोंदी आटवताना इथेच पहिला कस लागतो. जुने 58 टक्क्यांचे आकडे गाळून टाकण्याचा मोह होतो, कारण ते आता खोटे ठरलेले असतात. ते गाळू नयेत. एका ओळीत का होईना, ते राहायलाच हवेत, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेत कोणालातरी नेमका हाच आकडा मिळणार आहे आणि तो ओळखता यावा यासाठीच हा अहवाल आहे. गाळायचे असतात ते एकाच प्रयोगाचे पुन्हा पुन्हा केलेले हिशेब, द्रावणे बनवण्याच्या नोंदी आणि वीज गेल्यामुळे अर्धवट सुटलेले प्रयत्न. मात्र शेवटच्या प्रकारचे प्रयत्न किती होते, तो आकडा लिहावा.

त्यानंतर विद्यार्थिनीने गाळणे सोडून, द्रावण वेगाने फिरवून कण तळाशी बसवणारे सेंट्रिफ्यूज वापरले. आता कायटोसॅनसह शोषकता 0.97 आणि त्याच्याशिवाय 1.00 आली. म्हणजे एकीकडे 5 टक्के घट आणि दुसरीकडे 2 टक्के, फरक केवळ 3 टक्क्यांचा. एकच प्रयोग पुन्हा केला तरी आकडा 3 टक्के इकडेतिकडे होत होता. अशा वेळी ‘कायटोसॅन 3 टक्के रंग घेते’ असे लिहिणे चूक आहे, आणि ‘अजिबात घेत नाही’ असे लिहिणेही चूकच. बरोबर वाक्य हिशेबातून निघते. 50 मिलिलिटरमध्ये एकूण 0.25 मिलिग्रॅम रंग होता, म्हणजे तो सगळा पकडला असता तर ग्रॅमला 2.5 मिलिग्रॅम झाले असते. दिसलेला फरक आणि त्याची अनिश्चितता सैलपणे धरली तरी पकडलेला रंग 10 टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून अहवालात ‘या परिस्थितीत अधिशोषण ग्रॅमला 0.25 मिलिग्रॅमपेक्षा कमी’ असे यावे. असे वाक्य वाचणारा आपल्या गरजेशी ते ताडून पाहू शकतो.

मात्र हे वाक्य मान्य होण्यासाठी आणखी एक पुरावा लागतो. रंग खरोखर पकडला गेला असता तर या मांडणीत तो दिसला असता का? त्यासाठी त्याच बाटल्यांत, त्याच वेळेत, कायटोसॅनऐवजी सक्रिय कोळसा टाकून पाहिला. शोषकता 0.03 वर आली, म्हणजे 97 टक्के रंग गेला. मोजण्याची पद्धत शाबूत होती. दुसरी शंका अशी की कायटोसॅनच नीट बनले नसेल. म्हणून तेच कायटोसॅन काँगो रेड या ऋणप्रभारी रंगात टाकले आणि सेंट्रिफ्यूज करून मोजले. सुमारे 80 टक्के रंग गेला. काँगो रेड सुती कापडाला थेट चढणारा रंग असल्यामुळे फिल्टर पेपरने गाळला असता तर तोही कागदातच अडकला असता, म्हणून सेंट्रिफ्यूजचा उल्लेख इथे टाळता येत नाही. या दोन चाचण्या झाल्या तेव्हाच बिघडलेल्या प्रयोगाचे रूपांतर खऱ्या नकारात्मक निष्कर्षात झाले. अशा चाचण्या प्रयोगवहीत बहुधा एकाच पानावर असतात. माझ्या मते साऱ्या वहीत सर्वांत मोलाचे पान तेच, आणि आटवताना त्यातली एक ओळही सोडू नये.

कारणांचा भाग लिहिताना बहुतेकांचा तोल जातो, कारण मनात आलेले प्रत्येक कारण कागदावर उतरते आणि सगळ्यांना सारखेच वजन मिळते. कारणे तीन पातळ्यांवर वेगळी ठेवावीत. पहिल्या पातळीवर पुराव्याने सिद्ध झालेली येतात. जुना 58 टक्क्यांचा आकडा फिल्टर पेपरमुळे आला, हे कारण येथे सिद्ध आहे. दुसऱ्या पातळीवर संभाव्य कारणे येतात. कायटोसॅनवरचे अमिनो गट आम्लात धनप्रभारी होतात आणि उदासीन पाण्यात त्यांपैकी थोडेच तसे राहतात, पण धनप्रभारी रंगाला धरून ठेवील असा ऋणप्रभारी गट त्याच्यावर जवळजवळ नसतो. काँगो रेड पकडला गेला आणि मिथिलीन ब्लू नाही, याच्याशी हे स्पष्टीकरण जुळते. तरीही वेगवेगळ्या पीएचला मोजमाप केलेले नसल्याने ते ‘संभाव्य’ याच शब्दात मांडावे. तिसऱ्या पातळीवर तपासून बाजूला काढलेली कारणे येतात. मुंबईच्या पावसाळ्यात कायटोसॅन हवेतला ओलावा शोषते आणि तराजूवर 0.1 ग्रॅम दिसले तरी त्यात पाण्याचा वाटा असतो, ही शंका रास्त आहे. पण वजनातला दहाएक टक्क्यांचा दोष जवळजवळ शून्यावर आलेल्या आकड्याचे कारण होऊ शकत नाही, आणि प्रयोग हिवाळ्यातले होते. हे एका वाक्यात नोंदले की पुढच्याचा आठवडा वाचतो.

धडे लिहिताना ‘काळजी घ्यावी’, ‘नियंत्रण प्रयोग करावेत’ असली वाक्ये कोणाच्याच उपयोगाची नसतात. धडा असा हवा की तो वाचून उद्या सकाळी हात वेगळे चालावेत. या प्रकल्पाचे धडे दोनच निघाले. एक, रंगाच्या प्रयोगात पहिल्याच दिवशी शोषक न घालता द्रावण पूर्ण पद्धतीतून न्यावे, आणि 2 ते 3 टक्क्यांपेक्षा जास्त रंग गेला तर पद्धत आधी बदलावी. दोन, गाळावेच लागले तर सुरुवातीचे द्रावण फेकून द्यावे आणि गाळलेले आकारमान प्रत्येक वेळी लिहावे. प्रयोगवहीत आकारमान काही पानांवर लिहिले होते आणि काहींवर नव्हते, म्हणून जुन्या आकड्यांची दुरुस्ती करता आली नाही. तेही अहवालात आले पाहिजे.

आटवताना क्रम बदलला तर हरकत नाही, पण कालक्रम लपवू नये. ऋणप्रभारी रंग तपासण्याची कल्पना फेब्रुवारीनंतर सुचली. ती सुरुवातीपासून योजनेत असल्यासारखी मांडली, तर वाचणाऱ्याला तिचे वजन चुकीचे वाटते. म्हणून ‘हे नंतर ठरवले’ असे तारखेसह लिहावे. तसेच अहवालातल्या प्रत्येक आकड्याशेजारी प्रयोगवहीचा पान क्रमांक द्यावा आणि मूळ वही कोणत्या कपाटात आहे ते शेवटी नोंदवावे. तीन पानांत न मावलेले काही पुढे कोणाला लागले, तर तिथे पोहोचता येते.

या अहवालाची मर्यादाही त्यातच सांगावी. तो एका कायटोसॅनचा, एका तीव्रतेचा, जवळजवळ उदासीन पाण्याचा आणि दोन तासांचा निष्कर्ष आहे. अल्कधर्मी पाण्यात, किंवा कायटोसॅनवर मुद्दाम ऋणप्रभारी गट बसवले तर मिथिलीन ब्लू पकडला जाईल की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.